अँटिबायोटिकचं पाकीट उलटं करून वाचताना

मेडिकलच्या काउंटरवर अँटिबायोटिकची चिठ्ठी आली की आम्ही फार्मासिस्ट मंडळी पाकीट आधी उलटं करतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने दिलेलं नाव. औषध कोणतं, हे कळतं मागच्या बारीक अक्षरांतून. तिथे ‘ईच फिल्म कोटेड टॅब्लेट कन्टेन्स’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली खरं नाव, ‘आय.पी.’ ही अक्षरं आणि मिलिग्रॅमचा आकडा. अँटिबायोटिकचं घराणं ओळखायचं ते याच ओळीवरून. काही पाकिटांवर डाव्या कडेला उभी लाल रेघ दिसते. आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली तिची मोहीम सुरू केली. पण ती रेघ ‘हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ एवढंच सांगते, घराणं सांगत नाही.

घरात पडलेलं अर्धं पाकीट घेऊन कुणी आलं, की पहिली अडचण इथेच येते. कापलेल्या तुकड्यावर कधी नावाचा शेवट असतो तर सुरुवात गेलेली असते, कधी एक्सपायरीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेली असते. म्हणून पाकीट कापून द्यावं लागलं, तर तारीख आणि बॅच असलेलं टोक आम्ही दुकानात ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या पुडीवर औषधाचं पूर्ण नाव व तारीख पेनने लिहून देतो. घरी गोळ्या शेवटपर्यंत त्याच पुडीत राहाव्यात.

पेनिसिलिनचं घराणं ओळखायला सोपं. नावाच्या शेवटी ‘सिलिन’ असतं: ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन. आपल्याकडे भरपूर खपणारी ‘सहाशे पंचवीसची गोळी’ याच घराण्यातली, पण मागची ओळ वाचली नाही तर ते कळत नाही. त्या ओळीत ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम असे दोन घटक असतात, त्यांची बेरीज ६२५. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः जंतू फारसे मारत नाही. काही जंतू पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम तयार करतात, ते एन्झाइम निकामी करायचं काम त्याच्याकडे असतं. हा घटक दमटपणा अजिबात सोसत नाही, म्हणून ही गोळी जाड ॲल्युमिनियमच्या पाकिटात येते. आठवड्याच्या गोळ्या आधीच सोलून डबीत भरून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. या गोळीच्या बाबतीत ती सोडावी, प्रत्येक गोळी घ्यायच्या वेळीच फोडावी.

घराणं ओळखण्याची खरी गरज ॲलर्जीच्या वेळी भासते. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असं सांगणारा माणूस सहाशे पंचवीसची गोळी निर्धास्त घेऊन जाऊ शकतो, कारण पाकिटावर पेनिसिलिन हा शब्दच नसतो. म्हणून आम्ही विचारतो, ‘काका, नेमकं काय झालं होतं?’ पोट बिघडलं किंवा जुलाब झाले, असं उत्तर आलं तर ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, औषधाचा त्रास असतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास अडकला, असं काही सांगितलं तर गोळी हातात न देता डॉक्टरांना फोन लावायचा. अशा माणसाने नुसतं ‘पेनिसिलिन’ लक्षात ठेवून भागत नाही. ‘सिलिनने संपणारं काहीही नको’ हे लिहून खिशात ठेवावं. ‘सेफ’ने सुरू होणारी औषधं, म्हणजे सेफिक्झिम, सेफालेक्सिन वगैरे, ही याच घराण्याची चुलत भावंडं. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ती चालतात, पण आधी तीव्र प्रकार होऊन गेला असेल तर निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

पुढच्या बाजूच्या नावावर विसंबलं की काय होतं, याचं आमच्या दृष्टीने सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे ‘मॉक्सि’ ही अक्षरं. ॲमॉक्सिसिलिनच्या कित्येक ब्रँडांची नावं ‘मॉक्सि’वरून बेतलेली असतात आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या ब्रँडांचीही. पहिलं पेनिसिलिन, दुसरं फ्लुरोक्विनोलोन या वेगळ्याच घराण्यातलं. डोस, धोके, पथ्य, सगळं वेगळं. फोनवर अर्धवट ऐकलेलं नाव किंवा चिठ्ठीवरचं घाईचं अक्षर एवढ्यावर कपाटातून पाकीट काढलं तर इथे घसरायला होतं. मागची ओळ आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळले तरच औषध द्यायचं. ॲमॉक्सिसिलिन बहुधा २५० किंवा ५०० मध्ये येतं, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची गोळी ४०० ची. नाव सारखं वाटलं तरी आकडा खटकतो आणि चूक हातात धरता येते.

दुसरं घराणं मॅक्रोलाइडचं. एरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, रॉक्सिथ्रोमायसिन. इथे शेवटचं ‘मायसिन’ पाहून थांबायचं नाही, त्याच्या आधीचा ‘थ्रो’ही बघायचा. नुसतं मायसिन तर जेंटामायसिन, क्लिंडामायसिन, व्हॅन्कोमायसिन यांच्याही शेवटी आहे आणि ही तिन्ही वेगवेगळ्या घराण्यांतली. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जंतूपासून निघालेल्या अनेक औषधांना हे शेपूट लागलं. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेलं हॅमायसिन तर जंतूंवरचं औषधच नाही, ते बुरशीवरचं आहे.

मॅक्रोलाइडमध्ये लोकांच्या तोंडी बसलेलं नाव म्हणजे ‘अझिथ्रो’, आणि ओळख म्हणजे ‘तीन दिवसांची गोळी’. ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांचं पाकीट मिळतं, रोज एक. त्यावरून ‘सहाशे पंचवीस पाच दिवस आणि ही तीनच दिवस, म्हणजे ही जास्त पॉवरची’ असा समज पसरला आहे. कारण वेगळं आहे. ॲमॉक्सिसिलिन रक्तातून फार लवकर निघून जातं, साधारण तासाभरात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून ते दिवसातून दोनदा-तीनदा घ्यावं लागतं आणि दोन डोसांतलं अंतर सारखं राखावं लागतं. ॲझिथ्रोमायसिन पेशींत मुरून बसतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६८ तास लागतात. तिसरी गोळी घेतल्यानंतरही पुढचे काही दिवस औषध अंगात असतं. म्हणजे गोळ्या तीन असल्या तरी उपचार तीन दिवसांचा नसतो. या मुरण्याची दुसरी बाजूही आहे. गोळ्या संपल्यावर औषधाचं थोडं थोडं प्रमाण बरेच दिवस अंगात रेंगाळतं आणि घशातल्या-आतड्यातल्या एरवीच्या जंतूंनाही त्याचा सराव होतो. साध्या सर्दीला ही गोळी मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, ते म्हणूनच. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर ही गोळी काहीच करत नाही.

पाकीट तीन गोळ्यांचं म्हणजे कोर्स तीन दिवसांचा, हेही खरं नाही. टायफॉइडमध्ये हीच ॲझिथ्रोमायसिन डॉक्टर सहसा ७ दिवस लिहितात. तिथे पहिलं पाकीट संपतं त्या दिवशीही ताप उतरलेला नसतो. योग्य औषध चालू असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. नेमकं याच वेळी ‘गोळी लागू पडत नाही, दुसरी द्या’ म्हणत माणूस येतो. काहीजण शेजाऱ्याच्या सल्ल्याने सिप्रोफ्लॉक्सॅसिन मागतात. भारतात आज टायफॉइडचे बहुतांश जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. लागू पडणारं औषध अर्ध्यावर सोडून न पडणारं घेतलं जातं. त्यामुळे टायफॉइडची चिठ्ठी असली की आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, तिसऱ्या दिवशी ताप असला तरी घाबरून गोळी बदलू नका. मात्र पोटात जोराचं दुखायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा माणूस गुंगीत असल्यासारखा बोलायला लागला, तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? ही दोन औषधं यकृतातलं जे एन्झाइम अडवतात, त्यावरच सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन यांचा निचरा अवलंबून असतो. निचरा थांबला की त्या गोळ्या रक्तात साचतात आणि स्नायूंना इजा होऊ शकते. ॲझिथ्रोमायसिनमध्ये हा प्रकार फार कमी. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार असेल, तर मात्र घराण्यातल्या कुठल्याही औषधाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तिसरं घराणं फ्लुरोक्विनोलोन. शेवट ‘फ्लॉक्सॅसिन’, त्यात गफलत होत नाही: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. गफलत होते ती जोडगोळीत. जुलाबाची म्हणून ओळखली जाणारी गोळी बहुतेक वेळा ऑफ्लॉक्सॅसिन २०० आणि ऑर्निडाझोल ५०० यांची असते आणि ब्रँडच्या पुढे ‘ओझेड’ अक्षरं असतात. घरात ती ‘पोटाची गोळी’ म्हणून पडून असते. ती अँटिबायोटिक आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लागतं आणि लहान मुलांना त्यासोबत झिंक.

या घराण्याला पथ्य आहे. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे सगळे औषधाला पोटातच बांधून टाकतात, मग ते रक्तात पोचत नाही. गंमत अशी की एकाच चिठ्ठीवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर ॲसिडिटीची पातळ पांढरी बाटली असते, घरी रक्तवाढीची गोळी आधीपासून चालू असते, आणि ‘गोळी उष्ण पडते’ म्हणून वर दूध घेतलं जातं. तिन्ही एकत्र झाली तर औषध नावालाच घेतलं जातं आणि दोष गोळीच्या माथी बसतो. आम्ही पुडीवर वेळ लिहून देतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पाण्याबरोबर घ्यायची. नुसत्या दुधा-दह्याबरोबर नाही. ॲसिडिटीची बाटली, लोह, कॅल्शियम यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. सकाळी ८ वाजता आणि रात्री ८ वाजता गोळी असेल तर लोहाची गोळी सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान कुठेही बसते.

टाचेच्या वरच्या जाड शिरेत, म्हणजे कंडऱ्यात, अचानक दुखायला लागलं तर हे औषध लगेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं. साठीच्या पुढच्यांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना हा धोका जास्त. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटला, हात थरथरले तर तपासून घ्यावी. आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोकला. हे घराणं क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी काम करतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्याने आधीच लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतली, तर चार दिवस बरं वाटतं, थुंकीच्या तपासणीत क्षय लपू शकतो आणि निदान लांबतं. लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि सेफिक्झिमसारखी काही औषधं २०१४ पासून ‘शेड्यूल एच १’ या जास्त कडक नियमांच्या यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत ती सूचना असते आणि दुकानात वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठी मागितली की लोक रागावतात, पण ही अडवणूक नाही.

कोर्स कुठे मोडतो, हे दाखवायला लहान मुलाच्या घशाची चिठ्ठी घेऊ. वजन २० किलो. तपासून डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकॉकसचा घसा ठरवला आहे आणि लिहिलं आहे: ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १० दिवस. मूल गोळी गिळत नाही, म्हणून पावडरची बाटली, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेली. म्हणजे एका वेळी १० मिलिलिटर, दिवसाला २०. बाटली ६० मिलिलिटरची. ती बरोबर तीन दिवसांत संपते. दहा दिवसांना २०० मिलिलिटर हवं, म्हणजे ६० च्या तीन बाटल्या आणि शेवटच्या दिवसासाठी ३० ची एक.

आता बघा काय होतं. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं आणि बाटलीही रिकामी झालेली असते. ‘बाटली संपली म्हणजे औषध संपलं’ असं घरच्यांना वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून चारही बाटल्या पहिल्याच दिवशी द्याव्यात, पण पाणी एकाच बाटलीत घालावं. पाणी घातल्यावर हे औषध साधारण ७ दिवसच टिकतं, चारही एकदम कालवल्या तर शेवटच्या दोन वाया. कोरडी पावडर मात्र छापील तारखेपर्यंत टिकते.

पाणी घालण्यातही चुका होतात. आधी बाटली उलटसुलट करून, टिचक्या मारून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी किंवा सोबत आलेलं पाणी बाणाच्या खुणेच्या जरा खालपर्यंत घालून जोरात हलवायचं. फेस बसू द्यायचा, मग पातळी खुणेपर्यंत आणायची. फेसालाच पातळी समजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं, खुणेच्या वर गेलं तर पातळ. मोजायला घरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं खुणांचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. दर वेळी बाटली हलवूनच माप घ्यावं. दुसरी बाटली आणायला गेल्यावर ‘१२५’ची मिळाली आणि तिचेही १० मिलिलिटरच दिले, तर मुलाला अर्धाच डोस जातो. रिकामी बाटली सोबत नेली की हा घोटाळा टळतो.

तीन दिवसांत बरं वाटलेल्या मुलाला आणखी सात दिवस औषध का? घशातले जंतू कमी झाल्याने ताप जातो, पण ते पूर्ण गेलेले नसतात. ते राहिले तर शरीराची त्यांच्याविरुद्धची प्रतिक्रिया पुढे सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर येऊ शकते, तोच संधिवाताचा ताप. पेनिसिलिनचे १० दिवस ठरले ते घसा पूर्ण साफ व्हावा आणि हे टळावं म्हणून. टायफॉइडमध्ये कारण वेगळं: जंतू पेशींच्या आत दडलेले असतात, लवकर थांबलं तर आजार उलटतो. क्षयात सुस्त पडलेले जंतू संपवायला महिने लागतात आणि मध्येच सोडलं, तर औषधाला न जुमानणारे तेवढे उरून वाढतात. म्हणजे कोर्सचे दिवस आजार आणि औषध मिळून ठरवतात. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. न्यूमोनियात प्रकृती सुधारत असेल तर आता कित्येकदा ५ दिवस पुरे धरतात. स्वतःच्या मनाने दोन दिवस वाढवले, तर अंगातल्या इतर जंतूंना तेवढा जास्त सराव मिळतो. तपासणीत आजार विषाणूचा निघाला म्हणून डॉक्टरांनी मध्येच बंद करायला सांगितलं, तर ते बंदच करायचं.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यावा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, हे फोन करून विचारावं. पैशाअभावी अर्धंच न्यायचं असेल तर तसं मोकळेपणाने सांगावं. त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक मिळतं, किंवा उरलेल्या गोळ्या कोणत्या तारखेला न्यायच्या ते आम्ही पुडीवर लिहून देतो. शेवटच्या डोसची तारीखही त्याच पुडीवर असते. पुन्हा डॉक्टरकडे जायची वेळ आलीच, तर ती पुडी किंवा रिकामं पाकीट सोबत न्यावं. कोणतं घराणं, किती मिलिग्रॅम आणि किती दिवस झालं, हे त्यांना पुढचं औषध लिहिण्याआधी लागतं.